‘हेल्ड बाय कस्टम्स’ दिसलं तर काय समजायचं? परदेशातून मराठवाड्यात येणाऱ्या पार्सलचं ट्रॅकिंग कसं वाचावं

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचा मला नाद आहे आणि त्यांचे सुटे भाग अंबाजोगाईत काय, छत्रपती संभाजीनगरलाही सहज मिळत नाहीत. त्यामुळे जपान, जर्मनी अशा देशांतून टपालाने काही ना काही येत असतं. हे गावात माहीत झाल्यापासून परदेशी पार्सल मागवलेला कोणीही मोबाईल पुढे करून विचारतो, “हे बघ बरं, अडकलंय का?” बहुतेक वेळा अडकलेलं नसतंच, फक्त स्क्रीनवरची ओळ घाबरवणारी असते.

हा लेख मुख्यतः परदेशी टपाल खात्याकडून आपल्या टपाल खात्याकडे येणाऱ्या पार्सलबद्दल आहे. खासगी कुरिअरची रीत थोडी वेगळी असते. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## 1. आधी नंबर तपासा

टपालाचा आंतरराष्ट्रीय ट्रॅकिंग नंबर तेरा अक्षरांचा असतो. सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. उदाहरणार्थ EN123456785JP. शेवटचं JP म्हणजे जपान. पहिलं अक्षर सेवेचा प्रकार सांगतं. E असेल तर ती ईएमएस, म्हणजे सगळ्यांत जलद सेवा. C म्हणजे पार्सल, R म्हणजे रजिस्टर्ड. U ने सुरू होणारा नंबर दिसला तर फार आशा धरू नका. त्या स्वस्त सेवेत वाटेतलं ट्रॅकिंग धरलेलंच नसतं, त्यामुळे मधल्या ओळी दिसल्या नाहीत म्हणून पार्सल हरवलं असं होत नाही.

नऊपैकी शेवटचा आकडा पडताळणीसाठी असतो. विक्रेत्याने मनानेच नंबर ठोकून दिलाय अशी शंका आली तर हा हिशेब करून बघा. पहिल्या आठ आकड्यांना क्रमाने 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणायचं आणि बेरीज करायची. वरच्या नंबरात ही बेरीज 204 येते. तिला 11 ने भागलं की बाकी 6 उरते. 11 मधून 6 गेले, राहिले 5, आणि नंबरातला नववा आकडा 5 च आहे. म्हणजे नंबर निदान रचनेने तरी बरोबर आहे. (वजाबाकीचं उत्तर 10 आलं तर 0 धरायचा आणि 11 आलं तर 5.) हिशेब जुळला नाही तर विक्रेत्याला लगेच विचारा. तुम्ही किंवा त्याने आकडा चुकवलेला असतो, नाहीतर नंबरच बनावट असतो.

नंबर बरोबर असूनही कधी कधी फक्त ‘लेबल क्रिएटेड’ किंवा ‘प्री-अॅडव्हाइस’ अशी एकच ओळ दिसत राहते. विक्रेत्याने संगणकावर चिठ्ठी छापली आहे, पण खोकं अजून टपालात दिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही ओळ बरेच दिवस हलली नाही तर तगादा विक्रेत्याकडे लावायचा, पोस्टात जाऊन उपयोग नाही.

## 2. ‘इन ट्रान्झिट’ म्हणजे पार्सल आत्ता चालू आहे असं नाही

ट्रॅकिंगची प्रत्येक ओळ म्हणजे कोणीतरी, कुठेतरी केलेला एक स्कॅन. तुमचं पार्सल या क्षणाला कुठे आहे हे ती सांगत नाही, शेवटी कोणाच्या हातात नोंदलं गेलं ते सांगते. म्हणून ओळ वाचताना शब्दांपेक्षा शेजारचं ठिकाण आणि तारीख-वेळ आधी बघा.

माझ्या एका प्राध्यापक मित्राने जपानमधून जुनी लेन्स मागवली होती. पाठवणाऱ्या देशाच्या टपालाच्या साइटवर साधारण अशा ओळी दिसतात:

```
Posting/Collection
Dispatch from outward office of exchange
Arrival at inward office of exchange
Held by import Customs
Departure from inward office of exchange
Processing at delivery Post Office
Final delivery
```

यातलं आउटवर्ड ऑफिस ऑफ एक्स्चेंज म्हणजे पाठवणाऱ्या देशातलं ते टपाल केंद्र, जिथे परदेशी जाणाऱ्या थैल्या बांधल्या जातात. इनवर्ड म्हणजे तसंच आपल्या देशातलं केंद्र, जिथे त्या थैल्या उघडतात. आपल्या भागात येणारं बरंचसं टपाल मुंबईला उतरतं, पण दिल्लीचं नाव दिसलं तरी पार्सल वाट चुकलं असं समजू नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधला काळ सगळ्यांत शांत असतो. खोकं बंद थैलीत असतं, थैली विमानतळावर किंवा विमानात असते, आणि थैली फोडेपर्यंत आतल्या एकेका वस्तूचा स्कॅन होत नाही. विमानात जागा मिळेपर्यंत थैल्या पडूनही राहतात. बरीच अॅप या सगळ्या काळाला सरसकट ‘इन ट्रान्झिट’ म्हणतात. या टप्प्यावर आपल्याला करण्यासारखं काहीच नसतं, आणि पोस्टात जाऊन कर्मचाऱ्याला पिडलं तरी त्याच्याकडेही याहून जास्त माहिती नसते.

नंबर पाठवणाऱ्या देशाच्या साइटवर आणि आपल्या www.indiapost.gov.in वर, दोन्हीकडे टाका. पार्सल भारतात येईपर्यंत तिकडची साइट जास्त बोलते, आल्यावर आपली. वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असतात आणि जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, तेव्हा ओळी मागेपुढे वाटल्या तर गोंधळू नका.

## 3. ‘हेल्ड बाय कस्टम्स’: इथेच लोक घाबरतात

आधी तिथे प्रत्यक्ष काय चालतं ते बघू. परदेशी टपाल हाताळणाऱ्या विदेशी डाकघरात पार्सल टपाल खात्याच्याच ताब्यात असतं. टपाल कर्मचारी ते सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे मांडतात. अधिकारी खोक्यावरचं घोषणापत्र वाचतात, एक्स-रे बघतात, वाटलं तर टपाल कर्मचाऱ्यासमोर उघडून तपासतात, आणि ड्युटी लागते की नाही ते ठरवतात. त्या घोषणापत्राला सीएन 22 किंवा सीएन 23 म्हणतात. छोट्या, कमी किमतीच्या वस्तूला 22, मोठ्याला 23. आत काय आहे, किती किमतीचं आहे, विकत घेतलेलं आहे की भेट, हे सगळं त्यावर विक्रेत्याने लिहिलेलं असतं.

आता ट्रॅकिंगकडे या. कस्टम्सशी संबंधित ओळी एकसारख्या दिसल्या तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

‘प्रेझेंटेड टू कस्टम्स’ किंवा नुसतं ‘हेल्ड बाय कस्टम्स’ म्हणजे पार्सल रांगेत आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला या रांगेतून जावंच लागतं, त्यामुळे ही ओळ जवळजवळ सगळ्यांना दिसते. आठवडा-दहा दिवस ती तशीच राहिली तरी मी काही करत नाही. राखी-दिवाळीच्या आसपास तर त्याहून जास्त धरतो.

‘डिटेन्ड’, ‘अवेटिंग डॉक्युमेंट्स’ किंवा ‘अॅडिशनल इन्फर्मेशन रिक्वायर्ड’ असं दिसलं की मात्र काम तुमच्याकडे आलं. अधिकाऱ्याला किंमत किंवा वस्तू पटलेली नाही आणि त्याला कागद हवे आहेत. त्यासाठी पत्र, ईमेल किंवा एसएमएस येतो. इथे आपल्याकडची एक अडचण अशी की पत्र साध्या टपालाने येतं, तेही पार्सलवरच्याच पत्त्यावर. पार्सलवर कॉलेजचा पत्ता असेल आणि सुट्ट्या लागलेल्या असतील, तर ते पत्र क्लार्कच्या टेबलावर पडून राहतं. माझ्या मित्राचं असंच झालं असतं, पण शिपायाने घरी आणून दिलं. म्हणून ऑर्डर देतानाच चालू मोबाईल नंबर आणि ईमेल पार्सलवर लिहायला सांगा.

‘रिटर्न्ड फ्रॉम कस्टम्स’ वाचून काही जण पार्सल परत जपानला गेलं म्हणून हाय खातात. उलट ही आनंदाची ओळ आहे. कस्टम्सने पार्सल टपाल खात्याला परत दिलं, म्हणजे सोडलं. खरंच परत पाठवलं असेल तर ‘रिटर्न टू सेंडर’ असं स्पष्ट येतं.

‘सीझ्ड’ म्हणजे जप्त. ही ओळ सहसा वस्तूच चुकीची असल्याशिवाय येत नाही. ई-सिगारेट 2019 च्या कायद्याने बंद आहे. तयार ड्रोन परदेशातून आणायला 2022 पासून बंदी आहे, संशोधन किंवा संरक्षणासारखे अपवाद सोडून. आपल्या भागात सगळ्यांत जास्त फसायला होतं ते बियाण्यांत. परदेशी साइटवर रंगीत टोमॅटोचं किंवा कुठल्या फळाचं बी शे-दोनशे रुपयांत दिसतं आणि शेतकरी कुटुंबातली हौशी मुलं मागवून बसतात. बियाणं आणायला आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकीट लहान आहे म्हणून सूट मिळत नाही.

## 4. कागद मागितले तर काय काय पाठवायचं

पत्रात यादी असते. तिच्याबाहेर जाऊन ढीगभर कागद लावू नका. सहसा हे लागतं:

- विक्रेत्याचं इनव्हॉइस, त्यात वस्तू, किंमत आणि टपालखर्च वेगवेगळा दिसला पाहिजे
- पैसे दिल्याचा पुरावा: कार्डाच्या किंवा बँकेच्या स्टेटमेंटमधली ती नोंद
- ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट, ज्यात वस्तूचा फोटो आणि वर्णन आहे
- ओळखपत्राची प्रत, म्हणजे पॅन किंवा आधार, जे पत्रात मागितलं असेल ते
- वस्तू स्वतःच्या वापरासाठी आहे, विक्रीसाठी नाही, असं सहीचं साधं पत्र
- औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी

सगळ्या कागदांवर ट्रॅकिंग नंबर आणि पत्राचा संदर्भ क्रमांक लिहा. तिथे रोज कागदांचे गठ्ठे येतात, नंबर नसलेला कागद कोणाच्या फाइलला लावायचा हे त्यांना कळत नाही. आधारची प्रत देताना तिच्यावर ‘फक्त या पार्सलच्या कस्टम्स कामासाठी’ असं लिहून सही करा.

मित्राच्या लेन्सचं कारण अगदी साधं निघालं. विक्रेत्याने घोषणापत्रावर नुसतं ‘कॅमेऱ्याचा भाग’ असं लिहिलं होतं. लेन्स जुनी, वापरलेली आहे आणि तिची किंमत लिहिली तेवढीच आहे हे कळायला अधिकाऱ्याकडे काही मार्ग नव्हता. इनव्हॉइस आणि कार्डाचं स्टेटमेंट गेल्यावर पुढची ओळ ‘रिटर्न्ड फ्रॉम कस्टम्स’ अशी आली. तेव्हापासून मी विक्रेत्याला आधीच कळवतो, की घोषणापत्रावर वस्तूचं पूर्ण वर्णन लिही, वापरलेली असेल तर तसं लिही आणि इनव्हॉइसची प्रत खोक्याबाहेरच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेव.

विक्रेते आपणहून सुचवतात, “गिफ्ट लिहू का? ड्युटी वाचेल.” नाही म्हणा. डिसेंबर 2019 पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून ड्युटीमाफी मिळत नाही. शिवाय विकत घेतलेल्या वस्तूवर गिफ्ट लिहिलेलं दिसलं की शंकेला जागा मिळते आणि पार्सल कागदांच्या टप्प्यात जाऊन बसतं.

## 5. ड्युटीचा आकडा अंदाजापेक्षा मोठा का येतो

दर अर्थसंकल्पात बदलतात आणि वस्तूप्रमाणेही वेगळे असतात, म्हणून चालू दर बघूनच ऑर्डर द्या. हिशेबाची रीत मात्र कळली पाहिजे, कारण बहुतेकांचा अंदाज तिथेच चुकतो.

समजा लेन्स 12,000 रुपयांची आणि टपालखर्च 2,000. लोक 12,000 वर हिशेब करतात. कस्टम्स 14,000 वर करतं, कारण वाहतूक आणि विम्याचा खर्च किमतीत धरला जातो. नुसत्या उदाहरणापुरती सीमाशुल्क 10 टक्के आणि आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, 18 टक्के धरू. सीमाशुल्क झालं 1,400. आयजीएसटी आता 14,000 वर न लागता 15,400 वर लागतो, म्हणजे 2,772. एकूण 4,172. दोन्ही टक्के नुसते जोडून 12,000 चे 28 टक्के काढणाऱ्याच्या मनात 3,360 असतात. एखाद्या वस्तूवर याशिवाय अधिभारही असू शकतो.

टपालाच्या पार्सलची ही रक्कम पार्सल घेताना पोस्टात किंवा पोस्टमनकडे भरायची असते. आधी कुठल्याही लिंकवर भरायची नसते. खासगी कुरिअरमध्ये मात्र कंपनी स्वतः ड्युटी भरते आणि तुमच्याकडून आधी किंवा पोहोचवताना वसूल करते, वर स्वतःचं सेवाशुल्कही लावते. त्यांचा केवायसीचा मेल खरा असू शकतो, पण मेलमधली लिंक न दाबता कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन नंबर टाका.

## 6. मुंबईतून सुटल्यावर: 413 की 431?

‘डिपार्चर फ्रॉम इनवर्ड ऑफिस’ आलं की पुढचा प्रवास साध्या स्पीड पोस्टसारखाच. आता ओळी अशा येतात: ‘आयटम बॅग्ड’ म्हणजे थैलीत घातलं, ‘डिस्पॅच्ड’ म्हणजे थैली रवाना केली, ‘रिसीव्ड’ म्हणजे पुढच्या केंद्राने उतरवून घेतलं.

पिनकोडचे पहिले तीन आकडे पार्सल कुठल्या वर्गवारीच्या भागात जाणार ते ठरवतात. मराठवाडा इथे मुख्यतः दोन भागांत विभागला आहे. लातूर (413512), उदगीर (413517), धाराशिव (413501) हे 413 मध्ये, सोलापूरच्या बाजूचे. अंबाजोगाई (431517), परभणी (431401), नांदेड (431601) हे 431 मध्ये. त्यामुळे लातूर आणि अंबाजोगाई जवळ जवळ असूनही एकाच दिवशी मुंबईतून निघालेली दोन पार्सलं वेगळ्या वाटांनी येऊ शकतात. लातूरच्या पाहुण्याला मिळालं आणि मला नाही, यावरून काही ठरवू नका. पिन चुकला तर पार्सल दुसऱ्याच थैलीत जातं आणि ट्रॅकिंगमध्ये ते एखाद्या भलत्याच तालुक्यात ‘रिसीव्ड’ दिसतं.

2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. परदेशी साइटच्या यादीत जुनी नावं असतात. तिथे जे मिळेल ते निवडा, पण पिन आणि तालुका मात्र अचूक टाका. पिंपळगाव, वडगाव अशी नावं प्रत्येक तालुक्यात आहेत.

गाव लहान असेल तर आणखी एक टप्पा असतो. पार्सल तालुक्याच्या उप डाकघरात येतं, तिथून थैलीतून गावच्या शाखा डाकघरात जातं आणि ग्रामीण डाकसेवक ते घरी आणतो. शाखा डाकघर दिवसातले थोडेच तास उघडं असतं, त्यामुळे तालुक्याला ‘रिसीव्ड’ झाल्यावर लगेच त्याच दिवशी हातात पडेल असं धरू नका.

## 7. ‘आउट फॉर डिलिव्हरी’

पोस्टमनच्या आजच्या यादीत पार्सल चढलं. एवढंच. आज मिळण्याची शक्यता बरीच, खात्री नाही. मोठं खोकं असेल तर तो सायकलवर आणत नाही, फोन करून पोस्टात बोलावतो. ड्युटी असेल तर तसाच संवाद होतो: “सर, ड्युटी हाय यावर. पैसे द्या, पावती देतो.” घरात रक्कम तयार ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर आई दारातूनच “आम्ही काही मागवलं नाही” म्हणून परत पाठवते.

पैसे देण्याआधी पावतीवरचं वस्तूचं नाव आणि धरलेली किंमत बघा. किंमत चुकीची धरली असेल तर तेव्हाच बोला. पार्सल न घेता पोस्टात ठेवून घ्यायची लेखी विनंती करा आणि इनव्हॉइस जोडून फेरतपासणी मागा. एकदा पैसे भरून पार्सल घरात आलं की परताव्याची वाट फार लांबची होते.

संध्याकाळी ‘डोअर लॉक्ड’, ‘इनसफिशियंट अॅड्रेस’ किंवा ‘अॅड्रेसी कॅनॉट बी लोकेटेड’ असं दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच, पोस्टमन बीटवर निघायच्या आत, ओळखपत्र आणि ट्रॅकिंग नंबर घेऊन पोस्टात जा. न पोहोचलेलं टपाल तिथे साधारण आठवडाभरच ठेवतात, मग ते परतीच्या वाटेला लागतं, आणि परदेशी पार्सल परत गेलं की पुन्हा सगळा खर्च.

## 8. याच शब्दांचे खोटे मेसेज

पार्सलची वाट बघत असताना “पत्ता अपूर्ण आहे, 48 तासांत दुरुस्त करा” असा टपाल खात्याच्या नावाचा मेसेज आला की हात आपोआप लिंककडे जातो. 2024 मध्ये केंद्र सरकारच्या पीआयबीने असे मेसेज खोटे असल्याचं जाहीर केलं होतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे त्यात तुमचा तेरा अक्षरी नंबर नसतो. मेसेज बाजूला ठेवा आणि नंबर अधिकृत साइटवर टाका. तिथे पत्त्याबद्दल काही लिहिलं नसेल तर मेसेज खोटा.

दुसरा प्रकार फोनचा. “मी कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या पार्सलमध्ये परकीय चलन सापडलंय, दंड या खात्यात भरा.” सीमाशुल्क विभाग कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. विभागाच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो सीबीआयसी या केंद्रीय सीमाशुल्क मंडळाच्या साइटवर तपासता येतो. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 वर फोन करा.

## 9. खरंच हरवलं असं वाटलं तर

पार्सल भारतात आल्यानंतर ओळ थांबली असेल तर टपाल खात्याच्या 1800 266 6868 वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. पण भारतात आल्याची ओळच नसेल तर शोध पाठवणाऱ्याने त्याच्या देशाच्या टपालाकडे मागायचा असतो, कारण पैसे त्याने भरलेत आणि भरपाई मिळाली तर ती आधी त्यालाच मिळते. ही चौकशी पार्सल टाकल्यापासून जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या आत, काही सेवांत त्याहूनही आधी, व्हावी लागते. विक्रेता “थोडं थांबा, येईल” म्हणत राहिला तर ही मुदत, आणि त्याहून आधी तुमच्या खरेदीच्या साइटची किंवा कार्डाची पैसे परत मागण्याची मुदत, टळून जाते. ती तारीख ऑर्डरच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.